भोक मध्यावर नाही, तरी आतलं क्षेत्र सगळीकडे सारखंच

वह्या तपासताना एका गणितापाशी माझा हात थांबला, कारण पाच-सहा वह्यांमध्ये तेच उत्तर होतं, तेही ठळक अक्षरांत चौकट करून: E = 0. उत्तर चुकीचं होतं. पण ज्या ओळीवरून ते आलं होतं, ती ओळ मात्र बरोबर होती, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहून काढावंसं वाटलं.

गणित असं होतं. विद्युतरोधक पदार्थाचा एक अनंत लांबीचा भरीव दंडगोल आहे, त्रिज्या R = 10 सेंमी. त्याच्या संपूर्ण आकारमानात प्रभार एकसारखा पसरलेला आहे, घनता ρ = 2 μC/m³. या दंडगोलात त्याच्या अक्षाला समांतर, पूर्ण लांबीभर, 3 सेंमी त्रिज्येचं गोल भोक पाडलं आहे. भोकाचा अक्ष दंडगोलाच्या अक्षापासून d = 4 सेंमी अंतरावर आहे. भोक पाडताना तिथला प्रभार निघून गेला, उरलेला जागच्या जागी राहिला. तर भोकाच्या आत विद्युत क्षेत्र किती?

वहीवाल्यांपैकी एकाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, भोकात प्रभारच नाही. आत गाऊसचा पृष्ठभाग काढला की आतला एकूण प्रभार शून्य. मग क्षेत्र शून्यच ना?"

"आतला प्रभार शून्य म्हणजे काय शून्य झालं?"

"अभिवाह."

"मग तू क्षेत्र कुठून शून्य केलंस?"

तो गप्प झाला. इथेच गोम आहे. गाऊसचा नियम बंद पृष्ठभागातून निघणारा एकूण अभिवाह सांगतो. क्षेत्राच्या रेषा एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने तितक्याच बाहेर पडत असतील, तर अभिवाह शून्यच येतो आणि क्षेत्र मात्र ठणठणीत असतं. अभिवाहावरून क्षेत्रावर उडी मारायची तर पृष्ठभागावर सगळीकडे क्षेत्राचं मान सारखं आहे आणि ते पृष्ठभागाला लंब आहे, हे आधी सममितीवरून माहीत असावं लागतं. भोक मधोमध असतं तर ती सममिती होती, आणि तेव्हा उत्तर खरोखर शून्यच आलं असतं. पोरांनी मधोमध भोकाचं उत्तर पाठ केलेलं होतं, ते सरकवलेल्या भोकाला चिकटवलं. चार सेंमी सरकवल्याबरोबर सममिती मोडली आणि गाऊसचा नियम खरा असूनही एकट्याने निरुपयोगी झाला.

भोक म्हणजे दोन प्रभार एकाच जागी

वाट काढायची ती अध्यारोपणाने. भोकात प्रभार नाही, हे वाक्य वेगळ्या पद्धतीने वाचता येतं: भोकाच्या जागी +ρ सुद्धा आहे आणि −ρ सुद्धा, दोघं मिळून शून्य. असं म्हटलं की चित्र एकदम सोपं होतं. एक पूर्ण भरीव दंडगोल, त्रिज्या R, घनता +ρ. त्यात घुसवलेला दुसरा भरीव दंडगोल, त्रिज्या a, घनता −ρ, अक्ष d इतका सरकलेला. दोन्ही दंडगोल आपापल्या अक्षाभोवती पूर्ण सममित आहेत, म्हणजे गाऊसचा नियम प्रत्येकाला वेगवेगळा लावता येतो. बेरीज शेवटी करायची.

एका भरीव दंडगोलाचं काम दोन ओळींचं आहे. अक्षापासून s अंतरावर, L लांबीचा गाऊसचा दंडगोल घ्या. वक्र पृष्ठाचं क्षेत्रफळ 2πsL, आतला प्रभार ρπs²L. दोन सपाट टोकांमधून काही जात नाही, कारण क्षेत्र अक्षाला लंब आहे. म्हणून

E · 2πsL = ρπs²L / ε₀

आणि त्यावरून E = ρs / 2ε₀. L उडून जातो. सदिश रूपात लिहायचं तर E = (ρ/2ε₀) s, इथे s हा अक्षापासून बिंदूपर्यंत जाणारा, अक्षाला लंब असलेला सदिश. वर्गात मी इथे हटकून थांबतो, कारण पुढचा सगळा खेळ या "सदिश" शब्दावर आहे. नुसतं मान लिहिणाऱ्यांची गाडी पुढच्याच पायरीवर रुळावरून घसरते.

आता भोकातला कुठलाही एक बिंदू P घ्या. मोठ्या दंडगोलाचा अक्ष कागदावर O इथे, भोकाचा अक्ष O′ इथे. O पासून P पर्यंतचा सदिश s, O′ पासून P पर्यंतचा s′, आणि O पासून O′ पर्यंतचा d. मोठा दंडगोल P वर (ρ/2ε₀) s इतकं क्षेत्र देतो. P लहान दंडगोलाच्याही आतच आहे, त्यामुळे तो −(ρ/2ε₀) s′ देतो. बेरीज:

E = (ρ/2ε₀) (s − s′)

O, O′, P हा त्रिकोण काढला की s = d + s′ हे डोळ्यांनी दिसतं. म्हणजे कंसात उरतो फक्त d:

E = (ρ/2ε₀) d

P कुठे घेतला याचा मागमूस राहिला नाही. भोकाच्या आत सगळीकडे क्षेत्र एकाच मानाचं आणि एकाच दिशेचं, O कडून O′ कडे. आणखी एक गोष्ट सूत्रात नाही: भोकाची त्रिज्या. तीन सेंमीऐवजी एक सेंमीचं भोक पाडलं तरी आतलं क्षेत्र तेच.

त्रिज्या का नाही, याचं उत्तर भोकाच्या अक्षावर उभं राहिलं की मिळतं. तिथे काढून टाकलेल्या लहान दंडगोलाचं स्वतःचं क्षेत्र शून्य आहे, म्हणून तो असो वा नसो, तिथलं क्षेत्र बदलत नाही. ते भरीव दंडगोलात त्या जागी जे होतं तेच राहतं, ρd/2ε₀. म्हणजे किती, हा प्रश्न अक्षापुरता फुकटात सुटतो. बाकीच्या भोकात तेच मान टिकतं, ते दोन्ही क्षेत्रं अंतराच्या प्रमाणात, एकाच दराने वाढतात म्हणून.

आकडे घालून

सूत्रावर विश्वास ठेवण्याआधी मी मुलांना चार बिंदूंवर हाताने हिशेब करायला लावतो. ε₀ = 8.854 × 10⁻¹² F/m घेतलं की ρ/2ε₀ म्हणजे मीटरमागे सुमारे 1,12,940 V/m, किंवा सोयीसाठी सेंटीमीटरमागे 1129.4 V/m. या आकड्याला k म्हणू. O ला आरंभबिंदू धरा आणि O′ उजवीकडे x = 4 सेंमीवर.

भोकाचा डावा काठ x = 1 सेंमीवर येतो. तिथे मोठा दंडगोल उजवीकडे फक्त 1 × k = 1129 V/m देतो. हा बिंदू O′ च्या डावीकडे 3 सेंमीवर आहे. ऋण दंडगोलाचं क्षेत्र स्वतःच्या अक्षाकडे खेचणारं, म्हणजे इथे उजवीकडेच, 3k = 3388 V/m. एकूण सुमारे 4518.

उजवा काठ x = 7 सेंमीवर. मोठा दंडगोल 7k = 7906 V/m उजवीकडे देतो, ऋण दंडगोल 3388 V/m डावीकडे खेचतो. वजाबाकी करा, पुन्हा 4518.

वरचा काठ, x = 4, y = 3. मोठ्या दंडगोलाचं क्षेत्र O पासून तिरकं वर जातं: आडवा घटक 4k = 4518, उभा घटक 3k = 3388. ऋण दंडगोल सरळ खाली 3388 खेचतो. उभा घटक पूर्ण कटतो, आडवा 4518 तसाच राहतो. या बिंदूवर मुलांचे चेहरे बदलतात. डावी-उजवीकडे मानं जुळली तर योगायोग वाटू शकतो, पण वरच्या काठावर तिरका बाण सरळ होताना दिसला की मग पटतं. चौथा बिंदू O′ स्वतः, तिथे तर 4k एवढंच.

म्हणजे या भोकात सुमारे 4.5 kV/m चं एकसमान क्षेत्र आहे, आणि 6 सेंमी व्यासावर डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत सुमारे 271 V विभवांतर पडतं. डावा काठ जास्त विभवाचा.

गाऊसच्या नियमाशी याचं भांडण नाही. एकसमान क्षेत्रात कुठलाही बंद पृष्ठभाग काढा, जितकं शिरतं तितकंच निघतं, अभिवाह शून्य. वहीतली ती ओळ बरोबर होती ती अशी.

भोकाबाहेर पाऊल टाकलं की

इथपर्यंत येऊन बहुतेकजण थांबतात, पण मला भोकाबाहेरचा हिशेब जास्त शिकवणारा वाटतो, कारण सूत्र कुठे लागू आहे आणि कुठे नाही ते तिथे कळतं. बिंदू पदार्थात असेल, भोकाबाहेर, तर मोठ्या दंडगोलाचं क्षेत्र अजूनही ks आहे. पण लहान दंडगोलासाठी आता आपण त्याच्या बाहेर आहोत. बाहेर त्याचं क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतं: मान ka²/s′.

आता O वरच, म्हणजे मोठ्या दंडगोलाच्या अक्षावर, किती? मोठ्याचा वाटा शून्य. ऋण दंडगोल 4 सेंमी उजवीकडे आहे, त्याचा वाटा k × 9/4, म्हणजे सुमारे 2541 V/m उजवीकडे. भोक पडलं आणि अक्षावरचं क्षेत्र शून्य राहिलं नाही. ज्याने "मूळ दंडगोलाच्या अक्षावर तर शून्यच असणार" असं गृहीत धरून विभव मोजायला घेतलं, त्याचा सगळा हिशेब इथे बिघडतो.

मग शून्य क्षेत्राचा बिंदू गेला कुठे? जोडरेषेवर शोधू. O च्या आसपास, भोकाबाहेर, k ने भागून आणि सगळं सेंमीत धरून अट अशी:

x − 9/(x − 4) = 0, म्हणजे x² − 4x − 9 = 0

उत्तरं x = 2 ± √13. एक 5.6 सेंमी, दुसरं −1.6 सेंमी. परीक्षेत दोन्ही लिहून मोकळं होणारे बरेच असतात. पण 5.6 सेंमी हा बिंदू भोकाच्या आत पडतो (भोक 1 पासून 7 पर्यंत), आणि हे समीकरण तर भोकाबाहेरच्या सूत्रावरून मांडलं आहे. भोकात क्षेत्र 4518 आहे, शून्य कुठून येणार? ते मूळ टाकून द्यायचं. खरा शून्यबिंदू O च्या डावीकडे 1.6 सेंमीवर.

एका मुलीने इथे चांगला तर्क लढवला होता: उजवीकडचा प्रभार काढला, म्हणून उरलेल्या प्रभाराचा मध्य डावीकडे सरकला, क्षेत्र तिथेच शून्य असेल. प्रभाराचा मध्य खरंच डावीकडे सरकतो, पण किती? a²d/(R² − a²) = 36/91, म्हणजे जेमतेम 0.4 सेंमी. शून्यबिंदू 1.6 सेंमीवर. दोन्ही एकाच बाजूला, पण एकच नाहीत. प्रभाराच्या मध्याची कल्पना दंडगोलापासून दूर गेल्यावर कामाची. प्रभाराच्या आत बसून ती वापरता येत नाही.

भोकाच्या काठावर एक तपासणी करून ठेवावी. डाव्या काठाला, x = 1 वर, बाहेरच्या सूत्राने 1·k + (9/3)·k = 4k येतं. आतूनही 4k. क्षेत्र काठावर उडी मारत नाही, कारण काठावर पृष्ठप्रभार नाही, फक्त आकारमानात पसरलेला प्रभार आहे. तुमच्या उत्तरात आतलं आणि बाहेरचं मान काठावर जुळत नसेल, तर बहुतेक वेळा a² च्या जागी s′² राहून गेलेलं असतं किंवा s′ ची दिशा उलटी धरलेली असते.

कुठे हे चालत नाही

भोक पूर्णपणे दंडगोलाच्या आत असलं पाहिजे: d + a < R. इथे 4 + 3 = 7, म्हणून ठीक. भोक बाहेरच्या पृष्ठाला फोडून खाचेसारखं झालं, तर −ρ चा लहान दंडगोल जिथे +ρ नव्हताच अशा जागीही ऋण प्रभार भरतो, आणि वजाबाकी खोटी ठरते. उलट, भोकाने O ला पोटात घेतलं तरी (d < a) काही बिघडत नाही. तेव्हा O वरही ρd/2ε₀ हेच क्षेत्र असतं.

दंडगोल धातूचा असेल तर हे गणितच वेगळं. वाहकात प्रभार हलतो, बाहेरच्या पृष्ठावर जाऊन बसतो आणि रिकाम्या भोकात क्षेत्र शून्य. "E = 0" लिहिणाऱ्यांपैकी काहींच्या मनात हेच चित्र असावं. पदार्थ विद्युतरोधक असला पण त्याचा पराविद्युतांक 1 पेक्षा बराच मोठा असला, तरीही नुसती वजाबाकी पुरत नाही. भोकाच्या काठावर ध्रुवीकरणाचा बद्ध प्रभार साचतो, आणि तो या दोन दंडगोलांच्या हिशेबात आलेला नसतो. आपल्या गणितात पदार्थाचा परिणाम निर्वातासारखाच धरला आहे, ही अट प्रश्नात बहुधा न बोलताच गृहीत असते.

घनता एकसमान नसेल तर एकसमानपणा गेलाच. समजा ρ अक्षापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढते. मग मोठ्या दंडगोलाचं क्षेत्र s² प्रमाणे वाढतं. शिवाय काढलेल्या तुकड्यातला प्रभार O′ भोवती सममितही राहत नाही, म्हणजे लहान दंडगोलाला गाऊसचा नियम लावायची सोयच उरत नाही.

अनंत लांबीचं काय? खरा दंडगोल दोन मीटर लांब असेल आणि आपण मधल्या छेदावर मोजत असू, तर नसलेल्या दोन टोकांचा वाटा काढता येतो. दोन्ही बाजूंना H लांबी असेल आणि H हा R पेक्षा बराच मोठा असेल, तर मोठ्या दंडगोलाचं क्षेत्र सुमारे R²/2H² इतक्या अंशाने कमी पडतं. इथे H = 100 सेंमी, R = 10 सेंमी, म्हणजे अर्धा टक्का. लहान दंडगोलासाठी तीच घट a²/2H², त्याहून पुष्कळ कमी. दोन्ही घटी सारख्या नाहीत, म्हणून वजाबाकीत s पूर्ण कटत नाही आणि भोकातलं क्षेत्र O पासून दूर जाताना किंचित उतरतं. मधल्या मानाच्या दोन्ही बाजूंना साधारण एक तृतीयांश टक्का. दोन मीटरच्या दंडगोलासाठी "अनंत" म्हणणं चालतं. वीस सेंमीच्या तुकड्यासाठी म्हणू नये.

तास संपताना त्याच वहीवाल्याने विचारलं, "सर, भोक गोल नसून लंबगोल असेल तर?" प्रश्न नेमका वर्मावर होता. लंबगोल छेदाच्या भरीव दंडगोलातही क्षेत्र अंतराच्या प्रमाणात वाढतं, पण दोन दिशांना वेगवेगळ्या दराने. अर्धअक्ष A (x दिशेला) आणि B (y दिशेला) असतील तर

E_x = ρBx / ε₀(A + B),  E_y = ρAy / ε₀(A + B)

A = B ठेवलं की दोन्हींत आपलं ρ/2ε₀ परत मिळतं. गोल दंडगोलात लंबगोल भोक पाडलं तर दर जुळत नाहीत, वजाबाकीनंतर x आणि y मागे उरतात, आणि क्षेत्र एकसमान राहत नाही. चौकोनी भोकाचं तर विचारूच नका, तिथे आतलं क्षेत्र सरळ प्रमाणातही नाही. पण दंडगोल स्वतःच लंबगोल असेल आणि भोक त्याच प्रमाणाचं, त्याच दिशेला ठेवलेलं असेल, तर दर पुन्हा जुळतात आणि भोकात क्षेत्र पुन्हा एकसमान होतं. फक्त एक गंमत होते. A = 2B असताना भोक 45° च्या तिरक्या दिशेने सरकवा. x चा दर ρ/3ε₀, y चा 2ρ/3ε₀, म्हणून क्षेत्राचा बाण 45° ला न राहता x अक्षाशी सुमारे 63° करतो. क्षेत्र एकसमान आहे, पण O कडून O′ कडे नाही.